व्हायवातला पहिला प्रश्न फुकट घालवायचा असतो

ट्रान्सफॉर्मरचं रेटिंग केव्हीएमध्ये का असतं, किलोवॅटमध्ये का नाही? इलेक्ट्रिकलच्या सेकंड इयरच्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, एका दमात सांगेल, की सर कॉपर लॉस करंटवर डिपेंड करतो, आयर्न लॉस व्होल्टेजवर, पॉवर फॅक्टरचा दोन्हीत संबंध नाही, म्हणून केव्हीए. उत्तर बरोबर आहे. प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले एक्स्टर्नल मान डोलावतात, कॉलेजचे इंटर्नल हसतात, पुढचा प्रश्न डीसी दिली तर काय होईल, जळेल सर, व्हेरी गुड, नेक्स्ट रोल नंबर. पंचवीसपैकी एकवीस.

आता याच पोराला विचारा, की बाबा तू मघाशी ओपन सर्किट टेस्ट केलीस त्यात कॉपर लॉस का धरला नाहीस? "निग्लिजिबल असतो सर." निग्लिजिबल म्हणजे किती, तुझ्या रीडिंगवरून सांग. इथे शांतता. आणि माझं म्हणणं असं आहे की परीक्षा इथे सुरू होते, याच्या आधी जे झालं ते फक्त पोराचा आवाज तपासण्यासाठी होतं, त्याला मार्क द्यायचं काही कारण नाही. पहिला प्रश्न फुकट घालवायचा असतो. मार्क दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला द्यायचे आणि ते प्रश्न पोराच्या स्वतःच्या ऑब्झर्वेशन टेबलमधून निघाले पाहिजेत.

हे हवेत बोलण्यापेक्षा एकच प्रॅक्टिकल घेऊ. ट्रान्सफॉर्मरची ओसी-एससी, म्हणजे ओपन सर्किट आणि शॉर्ट सर्किट टेस्ट, जी बहुतेक सगळ्या कॉलेजात होते आणि बहुतेक सगळ्यांच्या जर्नलमध्ये रीडिंग गेल्या वर्षीच्या जर्नलसारखीच असतात. टेबलवर समजा २ केव्हीएचा, २३०/११५ व्होल्टचा सिंगल फेज ट्रान्सफॉर्मर आहे. ओपन सर्किट टेस्टमध्ये ११५ व्होल्टच्या बाजूला डिमरस्टॅटने पूर्ण ११५ व्होल्ट द्यायचे, दुसरी बाजू उघडी. रीडिंग आली ०.९ अँपिअर आणि ३५ वॅट. शॉर्ट सर्किट टेस्टमध्ये ११५ ची बाजू जाड वायरने शॉर्ट करायची आणि २३० च्या बाजूला डिमरस्टॅट झिरोपासून हळूहळू वाढवत न्यायचा, फुल लोड करंट म्हणजे ८.७ अँपिअर आला की थांबायचं, तिथे १२ व्होल्ट आणि ७० वॅट मिळाले. एवढ्या सहा आकड्यांवर अख्खा व्हायवा होतो, पुस्तक उघडायचीही गरज नाही.

त्या निग्लिजिबलपासूनच सुरू करू. शॉर्ट सर्किट टेस्टच्या ७० वॅटला ८.७ च्या वर्गाने भागलं की हाय व्होल्टेज बाजूने बघितलेलं एकूण रेझिस्टन्स निघतं, साधारण ०.९३ ओहम. लो व्होल्टेज बाजूला आणायचं तर चारने भागा, ०.२३. त्यातलं निम्मं फार तर त्या एका वाइंडिंगचं, पण जाऊ दे, सगळं धरलं तरी ओसी टेस्टमधला ०.९ अँपिअर त्यातून गेल्यावर लॉस होतो ०.२ वॅटपेक्षाही कमी. ३५ मध्ये ०.२. हे झालं निग्लिजिबल. ज्या पोराला हे दोन मिनिटात कागदावर करता येतं त्याला दोन्ही टेस्टचा एकमेकींशी संबंध कळलेला आहे, आणि ज्याला येत नाही त्याने शब्द पाठ केलाय. पहिल्या प्रश्नाला दोघांचं उत्तर शब्दशः एकच होतं, हे लक्षात घ्या.

फॉलोअप म्हणजे अजून कठीण प्रश्न नव्हे, इथेच बऱ्याच एक्स्टर्नल लोकांचा घोळ होतो. पोराने बरोबर सांगितलं की चला याला अजून अवघड विचारू, मग थर्ड इयरचं विचारू, मग हार्मोनिक्स, मग इनरश करंट, आणि कधीतरी तो अडकतोच, मग एक्स्टर्नलच्या चेहऱ्यावर समाधान. याने कळतं काय? जगात या पोराला न येणारा प्रश्न आहे एवढंच. ते आधीच माहीत होतं. फॉलोअपने एकच गोष्ट बदलायची असते आणि बघायचं असतं की पोराचं उत्तर त्याबरोबर हलतं का. म्हणजे असं: ओसी टेस्ट तू ११५ च्या बाजूने केलीस, तीच २३० च्या बाजूने पूर्ण २३० व्होल्ट देऊन केली असती तर वॅटमीटर किती दाखवेल? मी हा प्रश्न विचारला की चारातले तीन जण ७० म्हणतात किंवा १७.५ म्हणतात, म्हणजे दोनाने गुणतात नाहीतर भागतात, कारण ट्रान्सफॉर्मर म्हटलं की कशाला तरी दोनाने गुणायचंच असतं. उत्तर ३५ च. दोन्ही बाजूंनी आपापलं रेटेड व्होल्टेज दिलं तर कोअरमधला फ्लक्स तोच, म्हणून आयर्न लॉस तोच, करंट मात्र ०.९ चा ०.४५ होईल. प्रश्नात नवीन काही नाही, फॉर्म्युला लागत नाही, केव्हीएच्या उत्तरात त्याने स्वतःच सांगितलेलं असतं की आयर्न लॉस व्होल्टेजवर अवलंबून असतो. आता तेच वाक्य वापरून दाखव म्हटलं तर वापरता येत नाही.

आणि ते डीसी. "ट्रान्सफॉर्मरला डीसी दिली तर काय होईल" हा महाराष्ट्रातल्या व्हायवांमधला सर्वात जास्त विचारला गेलेला प्रश्न असावा असा माझा संशय आहे आणि "जळेल" हे सर्वात जास्त मार्क मिळवलेलं उत्तर. बरं, जळेल. किती व्होल्ट डीसी दिल्यावर? इथे पोरगं पहिल्यांदा तुमच्याकडे नीट बघतं. २३० व्होल्ट दिले तर, हाय व्होल्टेज वाइंडिंगचं रेझिस्टन्स समजा अर्धा ओहम, पाचशेच्या आसपास अँपिअरकडे धावणार, एमसीबी उडेल, खरंच वाट लागेल. पण दोन व्होल्ट डीसी दिले तर? चार अँपिअर. रेटेड करंट ८.७ आहे, म्हणजे निम्म्याच्याही खाली, खुशाल तासभर ठेवा. मग पुढचा: वाइंडिंगचं रेझिस्टन्स मोजायचं झालं तर कसं मोजशील? ज्याला खरं समजलंय तो इथे हसतो, कारण त्याच्या लक्षात येतं की आपण आत्ताच ज्याला जळेल म्हणालो तेच करून रेझिस्टन्स मोजतात, बारीक डीसी देऊन व्होल्टमीटर आणि अँमीटर लावून. मुद्दा असा की डीसीला इंडक्शन विरोध करत नाही, उरतं फक्त रेझिस्टन्स, आणि मग किती करंट जाईल हे व्होल्टेजवर ठरतं. "जळेल" हे उत्तर चूक नव्हतं, अर्धं होतं, आणि अर्ध्या उत्तराला आपण वर्षानुवर्षं पूर्ण मार्क देत आलो.

आता सगळ्यात कामाचा फॉलोअप, जो कुठल्याही प्रश्नसंचात मिळणार नाही कारण तो पोराच्या कागदावरच असतो. ओसी टेस्टला लो पॉवर फॅक्टरचा वॅटमीटर वापरतात. त्याचा काटा डिव्हिजन दाखवतो, वॅट नाही, आणि डिव्हिजनला मल्टिप्लाइंग फॅक्टरने गुणावं लागतं: निवडलेली व्होल्टेज रेंज गुणिले करंट रेंज गुणिले मीटरवर लिहिलेला पॉवर फॅक्टर, भागिले फुल स्केल डिव्हिजन. समजा १५० व्होल्ट, २ अँपिअर, ०.२ आणि स्केल १२० डिव्हिजनची, तर फॅक्टर आला ०.५. काटा ७० वर, म्हणून ३५ वॅट. घाईत पोरं ते ०.२ विसरतात, कारण एससी टेस्टच्या साध्या वॅटमीटरला ते धरावं लागत नाही. मग फॅक्टर येतो २.५ आणि टेबलमध्ये बसतात १७५ वॅट. आता त्याच ओळीत शेजारी ११५ व्होल्ट आणि ०.९ अँपिअर लिहिलेलं आहे, गुणाकार १०३.५. म्हणजे व्होल्ट-अँपिअर १०३ आणि वॅट १७५, पॉवर फॅक्टर १.६९. हे अशक्य आहे. कॅल्क्युलेटरवर कॉस इन्व्हर्स घेतला तर Math ERROR येतं, आणि तरी पुढे फेज अँगल लिहिलेला असतो! कुठून आला? शेजारच्याच्या जर्नलमधून.

अशा वेळी मार्क कापून पुढे जाणं सोपं आहे पण मला वाटतं तिथेच सगळ्यात छान प्रश्न आहे. पोराला सांगायचं नाही की चुकलंय. फक्त विचारायचं, या ओळीतून नो लोड पॉवर फॅक्टर काढून दाखव. तो काढतो, १.६९ येतं. काही जण तसंच वाचून दाखवतात, एक पॉइंट एकोणसत्तर सर, आणि थांबतात. काही जण थबकतात, म्हणतात सर हे एकच्या वर कसं. हा थबकणारा पोरगा पास आहे माझ्या लेखी, मीटरचा फॅक्टर त्याला आठवो न आठवो. मग त्याला विचारायचं की तीन मीटरपैकी कुठल्यावर संशय घेशील आणि का. तो जर म्हणाला की व्होल्टमीटर ११५ बरोबर असणार कारण आम्ही तोच सेट केला, अँमीटर ०.९ म्हणजे फुल लोडच्या पाच टक्के, नो लोडला एवढंच येतं, म्हणून वॅटमीटर, तर त्याला जर्नलमधल्या चुकीसहित मी पूर्ण मार्क देईन. ज्याची रीडिंग बरोबर पण कॉपी केलेली त्याच्यापेक्षा जास्त देईन. यावर माझं इंटर्नल लोकांशी भांडण झालेलं आहे आणि ते पुढेही होईल.

वर जाणाऱ्या फॉलोअपइतकाच खाली उतरणारा फॉलोअप महत्त्वाचा आणि तो तर कुणी विचारतच नाही. पोरगं अडकलं की आपण काय करतो, दुसरा प्रश्न विचारतो, दुसऱ्या टॉपिकवरचा. त्याने कळत नाही की ते कुठे अडकलं. समजा विचारलं, शॉर्ट सर्किट टेस्टमध्ये आयर्न लॉस का सोडून दिला, आणि उत्तर येत नाही. मग एक पायरी खाली या: त्या टेस्टमध्ये व्होल्टेज किती दिलं होतंस? बारा. नेहमी किती देतो? दोनशे तीस. मग फ्लक्स नेहमीच्या मानाने किती असेल? पाच टक्के सर. आयर्न लॉस साधारण फ्लक्सच्या वर्गाच्या प्रमाणात धरला तर? इथे बऱ्याच जणांचा चेहरा उजळतो, पाच टक्क्यांचा वर्ग म्हणजे पाव टक्का, ३५ वॅटचा पाव टक्का, ०.१ वॅटच्या आसपास. चार छोटे प्रश्न, एक मिनिट. या पोराला सगळं माहीत होतं, जोडता येत नव्हतं. पहिल्याच शांततेला शून्य देणारा परीक्षक त्याला आणि काहीच न वाचलेल्याला एकाच मापाने मोजतो. अर्थात आधाराने दिलेलं उत्तर आणि स्वतःहून दिलेलं उत्तर यांचे मार्क सारखे नकोत, पण त्यांच्यात आणि शून्यात फरक पाहिजे, म्हणून हिंट दिली हे कागदावर लिहा. साधं "हिं" लिहा कोपऱ्यात.

वेळेचं कारण मला पटत नाही. वीस-पंचवीसची बॅच, तीन तास, एक्स्टर्नलला संध्याकाळची बस पकडायची असते, मान्य. म्हणजे एका पोराला सात मिनिटं येतात. पण या सात मिनिटांत आज आपण आठ-दहा सुटे प्रश्न विचारतो ना? दहा प्रश्न दहा ठिकाणी वरवर खरवडायचे की तीन प्रश्न एकाच ठिकाणी खोल न्यायचे, वेळ तेवढाच लागतो. उलट खोल गेल्यावर तिसऱ्या प्रश्नाला अंदाज पक्का होतो.

पोरं बाहेर जाऊन सांगतात, हे दुसरं कारण. सांगतातच. दारातून बाहेर आलेल्या पहिल्या रोल नंबरला पंधरा जण घेरतात, काय विचारलं, काय विचारलं, आणि एक्स्टर्नल कोण येणार हे कळल्याबरोबर त्यांचे आवडते प्रश्न व्हॉट्सॲपवर आदल्या रात्रीच फिरलेले असतात. पण हा धोका पाठ करण्यासारख्या प्रश्नांना आहे. एकाला विचारलं २३० च्या बाजूने ओसी केली तर, दुसऱ्याला विचारलं एससी टेस्टला डिमरस्टॅट झिरोवर न आणताच कुणी सप्लाय ऑन केला तर पहिल्या क्षणी किती करंट ओढू बघेल, तर दुसऱ्याला पहिल्याचं उत्तर कळून काय उपयोग. (१२ व्होल्टला ८.७ म्हणजे इम्पिडन्स १.३८ ओहम, २३० ला साधारण १६७ अँपिअर. "फ्यूज उडेल सर" हेही उत्तर आहे पण आकडा सांगणाऱ्याला कळलेलं असतं की झिरोवर का आणायचा.) आणि समजा कळलाच प्रश्न, आणि समजा तो बाहेर बसून मित्रांबरोबर ते गणित सोडवून आला, तर माझी काही हरकत नाही, सबमिशनच्या धावपळीत तेवढा तरी अभ्यास झाला.

पक्षपाताचा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. लेखी पेपरला सगळ्यांना एकच प्रश्न, इथे एक्स्टर्नलच्या मूडवर. आवडलेल्या पोराला हिंट, न आवडलेल्याला टोमणा. त्यात जे इंग्रजीत अडखळतात त्यांचं जास्त मरण. फॉलोअपमध्ये बोलावं जास्त लागतं, एक ओळीचं पाठ उत्तर इंग्रजीत म्हणता येतं पण "समजा असं झालं तर का" हे इंग्रजीत समजावणं बारावीपर्यंत मराठीत शिकलेल्या पोराला जड जातं, आणि आपण समजतो त्याला येत नाही. याला माझ्याकडे दोन उत्तरं आहेत. एक, फॉलोअप मराठीत विचारा आणि मराठीत उत्तर घ्या, कुठला नियम तोंडी परीक्षेत पोराने "फ्लक्स तोच राहतो म्हणून" असं म्हणायला आडवा येत असेल तर तो नियम बदला, आपण ट्रान्सफॉर्मर तपासतोय. हवं तर बोलू नको, काढून दाखव, फेजर काढ, आकडा लिही. दुसरं, पायऱ्या आधी ठरवा. परीक्षेच्या सकाळी इंटर्नल आणि एक्स्टर्नलने चहा पिता पिता प्रत्येक प्रॅक्टिकलसाठी एका कागदावर लिहायचं: सुरुवात टेबलमधल्या कुठल्या आकड्यापासून, मग कुठली एक गोष्ट बदलायची, मग कुठली विसंगती दाखवायची, आणि अडकला तर खाली कुठल्या पायरीवर उतरायचं. आकडे प्रत्येकाचे वेगळे, पायऱ्या सगळ्यांना त्याच. असा कागद असला की मूडला फार जागा उरत नाही. आज तर काहीच कागद नसतो, तेव्हा आजची पद्धत जास्त न्याय्य आहे असं म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा.

आणि फॉलोअप कुठे थांबवायचा हेही त्याच कागदावर. ज्या पायरीवर अडला ती सीमा, तिथे थांबायचं, पुढे खेचायचं नाही. सीमेपर्यंत आला त्याचे मार्क, सीमेपलीकडे आला नाही याची शिक्षा नाही. हुशार पोरासाठी एखादी पायरी जास्तीची ठेवा, माझी आवडती ही: या ट्रान्सफॉर्मरची युनिटी पॉवर फॅक्टरला फुल लोडला एफिशियन्सी काढ, आणि हाफ लोडला काढ. फुल लोडला २००० भागिले २१०५, हाफ लोडला १००० भागिले १०५२.५, दोन्ही ९५ टक्के, दशांशापर्यंत सारखे. पोरं आधी म्हणतात सर चुकलं. चुकलेलं नाही. मग का सारखं आलं? कारण आयर्न लॉस ३५, फुल लोड कॉपर लॉस ७०, मॅक्सिमम एफिशियन्सी येणार जिथे दोन्ही सारखे होतात, म्हणजे साधारण ७१ टक्के लोडवर, आणि हाफ आणि फुल हे त्या शिखराच्या दोन बाजूंना सारख्याच उंचीवर पडले. एवढं पुस्तकात थेट लिहिलेलं नसतं, त्यामुळे जो तिथे बसल्या बसल्या सांगतो त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, आणि जो सांगत नाही त्याचं काहीच नुकसान नाही.

आता खरी अडचण. फॉलोअप पोरांपेक्षा कॉलेजांना जास्त नकोय. कारण टेबलमधल्या आकड्यांवर प्रश्न विचारायला लागलात की लगेच बाहेर येतं की आकडे आले कुठून. लो पॉवर फॅक्टरचा वॅटमीटर दोन वर्षांपासून बंद आहे आणि साध्या वॅटमीटरवर काटा हलत नाही म्हणून रीडिंग फळ्यावर लिहून दिली. किंवा सेमिस्टरमध्ये आठ प्रॅक्टिकल कागदावर झाली आणि हाताने चार. पोरगं तिसऱ्या प्रश्नाला खाली मान घालून म्हणतं, सर खरं सांगू का, आम्ही ही केलीच नाही, आणि त्या क्षणी इंटर्नल खिडकीबाहेर बघायला लागतात. सुटे पाठ प्रश्न विचारण्याचा हा छुपा फायदा आहे, त्यात लॅबची परीक्षा होत नाही. "सर जरा सांभाळून घ्या, वीसच्या खाली नको" ही विनंती मला पोरांच्या काळजीतून आलेली कधीच वाटली नाही, ती रिझल्टच्या टक्केवारीतून येते, आणि पुढच्या आठवड्यात तेच इंटर्नल दुसरीकडे एक्स्टर्नल म्हणून जाणार असतात, त्यामुळे समोरचाही सांभाळून घेतो.

म्हणून माझी मागणी पोरांकडे नाहीच, विद्यापीठाकडे आहे आणि ती फार छोटी आहे. प्रॅक्टिकल-ओरलच्या मार्कशीटवर प्रत्येक रोल नंबरपुढे अजून दोन रकाने घाला. पहिल्यात पोराच्या टेबलमधला कुठला आकडा धरून विचारलं, दुसऱ्यात कुठल्या पायरीवर थांबलं आणि हिंट दिली का. दहा सेकंदात भरून होतात. पहिला रकाना सगळ्या बॅचला रिकामा असेल तर त्या लॅबमध्ये मीटर चालू आहेत का हे बघायला कुणीतरी जावं, पोरांचे मार्क कापायच्या आधी.